परत गेलेल्या मालाचा हिशोब

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून पुण्याच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या मशीन शॉपकडे बिडाचं कास्टिंग ट्रक भरभरून जातं. त्यातला काही माल काही दिवसांनी त्याच रस्त्याने उलटा येतो. कुणाला ब्लो होल असतो, कुणात वाळू अडकलेली असते, कुणाचे साच्याचे दोन भाग सरकून जोड तिरका आलेला असतो. या उलट्या प्रवासाबरोबर कागदही फिरतात. तपासणीची रिजेक्शन स्लिप, माल परत पाठवल्याचं चलन, डेबिट नोट आणि शेवटी पुरवठादाराची क्रेडिट नोट. स्टोअरमध्ये नेमका किती माल आहे आणि पुरवठादाराला नेमके किती पैसे द्यायचे आहेत, ही दोन्ही उत्तरं या कागदांवरून काढायची असतात.

अवघड भाग असा, की दोन्ही उत्तरं एकाच आकड्यातून निघत नाहीत. साठा बदलतो तो माल हलला किंवा निकामी झाला म्हणून. देणं बदलतं ते दोष पुरवठादाराचा ठरला म्हणून. रिजेक्शन स्लिपवर या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत लिहिलेल्या असतात आणि घाईत वाचणारा एकूण नग पाहून दोन्हीकडे तोच आकडा टाकतो. एक नमुना शेवटपर्यंत सोडवून पाहिला, की हे स्पष्ट होतं.

समजा, भोसरीतल्या एका मशीन शॉपने कोल्हापूरच्या फाउंड्रीकडून बेअरिंग हाउसिंगचं कास्टिंग मागवलं आहे. ड्रॉइंगप्रमाणे एका नगाचं वजन 8 किलो आणि दर किलोला 80 रुपये, म्हणजे नगाला 640 रुपये. 3 मार्चला ट्रक येतो. बिलावर 500 नग, 4,000 किलो, मालाची किंमत 3,20,000 रुपये, 18 टक्के जीएसटी 57,600 रुपये, एकूण 3,77,600 रुपये. जीएसटी धरून एक नग 755 रुपये 20 पैशांना पडतो. हा आकडा पुढे वारंवार लागणार आहे.

गेटवर माल उतरवताना मोजणी होते आणि 498 नगच भरतात. दोन नग कमी. ही तूट रिजेक्शन नाही, कारण जो माल आलाच नाही तो नापास कसा होणार? म्हणून स्टोअरकीपर ट्रकच्या एलआरवर, म्हणजे बिल्टीवर, 'दोन नग कमी' असा शेरा मारतो आणि चालकाची सही घेतो. हा शेरा राहिला तर पुढे फाउंड्री म्हणणार की आम्ही 500 चढवले आणि वाहतूकदार म्हणणार की मी मिळाले ते पोहोचवले. मग ते दोन नग कुणाच्याच नावावर बसत नाहीत आणि अखेर खरेदीदाराच्या खिशातून जातात.

5 मार्चला आवक तपासणी होते. निरीक्षक नग डोळ्यांनी पाहतो, ठरलेल्या नमुन्यांची मापं घेतो आणि 18 नग बाजूला काढतो: 11 नगांवर मोल्ड शिफ्ट, 7 नगांवर कोल्ड शट, म्हणजे साच्यात दोन बाजूंनी आलेला रस नीट एकजीव न झाल्याची रेघ. त्या नगांना लाल खूण लागते, ते कुलूपबंद जाळीत जातात आणि पहिली रिजेक्शन स्लिप तयार होते. त्यानंतर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, निघते. नीट भरलेल्या जीआरएनवर चार आकडे वेगवेगळे दिसतात: बिलाप्रमाणे 500, प्रत्यक्ष आलेले 498, पास 480, नापास 18.

वापरायच्या साठ्यात यातले फक्त 480 नग चढतात. 18 नग आवारात असले तरी उत्पादनाच्या हिशोबात नाहीत. हा फरक जिथे पाळला जात नाही तिथे एक ओळखीचं दृश्य दिसतं. संगणकावर 498 कास्टिंग शिल्लक असतात. नियोजनवाला त्या भरवशावर मशीनला काम लावतो आणि महिना संपता संपता शॉप फ्लोअरवरून फोन येतो, की माल संपला. जाळीत पडलेले 18 नग कुणालाच नको असतात, पण खात्यात मात्र ते चांगल्या मालाच्या रांगेत उभे असतात.

पहिली स्लिप वाचायला सोपी आहे, कारण दोषाबद्दल वाद नाही. माल अजून मशीनला लागलेला नाही, त्यामुळे जो दोष आहे तो फाउंड्रीचाच. 18 नग साठ्याबाहेर आणि 18 नग देण्यातूनही वजा. दुसऱ्या स्लिपवर गोष्ट बदलते.

पास झालेले 480 नग मशीनिंगला जातात. बिडाच्या कास्टिंगमधले बरेच दोष वरून दिसतच नाहीत. रस थंड होताना आत अडकलेला वायू पृष्ठभागाखाली पोकळी करून बसतो आणि बोअर फिरवताना टूलने वरचा थर काढला, की ती उघडी पडते. म्हणून आवक तपासणीत पास झालेला नग मशीनवर नापास होतो. 28 मार्चपर्यंत 300 नगांचं मशीनिंग झालं आणि शॉप फ्लोअरवरून दुसरी रिजेक्शन स्लिप आली. तिच्यावर एकूण 17 नग आहेत.

या 17 च्या शेजारी कारणाचा रकाना आहे आणि तिथे दोन संकेत आहेत: सीआर 12, एमआर 5. मशीन शॉपमध्ये हे शब्द रोजचे आहेत. सीआर म्हणजे कास्टिंग रिजेक्शन, दोष धातूतला, फाउंड्रीचा. एमआर म्हणजे मशीनिंग रिजेक्शन, दोष आपल्या मशीनवरचा. इथे 12 नगांत बोअरमध्ये ब्लो होल निघाले आहेत. उरलेल्या 5 नगांचा बोअर मापापेक्षा मोठा झाला, कारण ऑपरेटरने टूल बदलल्यावर ऑफसेट दिला नव्हता.

अकाउंट्समध्ये नव्याने लागलेला मुलगा स्लिप पाहून 17 नगांची डेबिट नोट काढायला घेतो, तेव्हा जुना स्टोअरकीपर त्याला थांबवतो. ‘‘अरे, पाच तर आपल्याच पोरांनी बिघडवलेत. ते कोल्हापूरकर का भरतील?’’ 17 नगांची डेबिट नोट निघाली असती, तर जीएसटी धरून 12,838 रुपये 40 पैसे कापले गेले असते. खरे कापायचे आहेत 9,062 रुपये 40 पैसे. फरक 3,776 रुपयांचा. फाउंड्री ही रक्कम मान्य करणार नाही, तिच्या खात्यात ती येणी म्हणून दिसत राहील आणि दोन्हीकडच्या खात्यांचा मेळ तिथून बिघडायला लागेल.

साठ्याच्या बाजूने मात्र 17 हाच आकडा बरोबर आहे. 300 नग मशीनवर चढले आणि 283 चांगले उतरले. चालू कामातून 17 नग काढायलाच हवेत, दोष कुणाचाही असो. एकाच स्लिपवरचा 17 साठ्याला लागू आहे आणि 12 देण्याला. स्लिप वाचताना बोट आधी 'एकूण' या रकान्यावर जातं, पण पैशांच्या हिशोबासाठी आधी कारणाचा रकाना वाचायला हवा. कारण लिहिलेलं नसेल तर ती स्लिप अपुरी आहे आणि ती शॉप फ्लोअरला परत पाठवणं हेच योग्य. आठवडाभराने तो नग कुठल्या कारणाने नापास झाला, हे तोंडी विचारून कळत नाही, कारण तोवर जाळीत नगांचा ढीग झालेला असतो.

एमआरचे 5 नग पुरवठादाराच्या खात्याला शिवतही नाहीत. त्यांची किंमत मशीन शॉपचा तोटा. कास्टिंगचे 640 आणि मशीनिंगचे समजा 180, असे नगाला 820 रुपये. पाच नगांचे 4,100 रुपये. भंगारात विकून जे येईल तेवढं वजा, बाकी नुकसान. हा आकडा वेगळा ठेवला नाही तर तो सीआरमध्ये मिसळतो आणि मालकाला वाटत राहतं, की फाउंड्रीचा माल वाईट येतोय. प्रत्यक्षात ऑफसेट देण्याची सवय लावायला हवी असते.

सीआरच्या 12 नगांबाबत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. कोणत्या बिलातला माल? कास्टिंगवर ओतताना उठावाने हीट कोड येतो, म्हणजे भट्टीतला कोणत्या घाणीचा रस हे सांगणारी अक्षरं किंवा अंक. मशीन शॉपमध्ये जानेवारीचा आणि मार्चचा माल एकत्र वापरला जात असेल, तर जाळीतल्या नगावरचा हीट कोडच तो कोणत्या बिलाचा हे सांगतो. बिडाच्या कास्टिंगचे दर पिग आयर्न आणि भंगाराच्या भावाप्रमाणे ठरावीक काळाने बदलतात. जानेवारीत किलोला 78 रुपये दिले असतील आणि डेबिट 80 च्या दराने काढलं, तर फाउंड्रीवर अन्याय होतो. उलट झालं तर स्वतःवर. म्हणून रिजेक्शन स्लिपवर हीट कोड नसेल तर डेबिट नोटवर बिलाचा क्रमांक लिहिता येत नाही आणि बिलाचा क्रमांक नसलेली डेबिट नोट पुरवठादाराच्या ऑफिसात पडून राहते. आपल्या नमुन्यात 12 ही नगांवर मार्चच्याच मालाचे कोड आहेत, म्हणून दर 80 च.

आता वजनाचा प्रश्न, ज्यावर सगळ्यांत जास्त वाद होतात. बिल किलोवर आहे, स्लिप नगांवर आहे. आणि हे 12 नग बोअर होऊन बसले आहेत. प्रत्येकातून 800 ग्रॅम चुरा निघून गेला आहे आणि नग 7.2 किलोचा उरला आहे. हे नग परत गेल्यावर फाउंड्रीचा माणूस ते काट्यावर ठेवतो आणि म्हणतो, ‘‘आमच्याकडे 86 किलो 400 ग्रॅम भरलं. तेवढ्याचीच क्रेडिट बसेल.’’ मशीन शॉपने पैसे मोजले होते 96 किलोचे. फरक 9 किलो 600 ग्रॅमचा, 80 च्या दराने 768 रुपयांचा.

दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं आहे. फाउंड्री म्हणते, चुरा तुमच्याकडे राहिला, तो तुम्ही भंगारवाल्याला विकला. मशीन शॉप म्हणतं, ब्लो होल तुमचा होता, मी पूर्ण नगाचे पैसे दिलेत. याचा निकाल काट्यावर लागत नाही. परचेस ऑर्डरमध्ये आधीच एक ओळ हवी असते, की मशीनिंगमध्ये सापडलेल्या सीआरची वजावट बिल केलेल्या वजनाने होईल, परत आलेल्या वजनाने नाही. ती ओळ असेल तर स्लिप वाचणाऱ्याने 12 नगांना 8 किलोने गुणायचं, नसेल तर डेबिट नोट काढण्याआधी फाउंड्रीशी बोलायचं. मशीनिंगच्या खर्चाचंही तसंच. 12 नगांवर नगाला 180 प्रमाणे 2,160 रुपयांची मजुरी वाया गेली आहे. ऑर्डरमध्ये हा खर्च वसूल करण्याची अट असेल तरच तो मागता येतो आणि मागितला तरी तो मालाच्या किमतीत मिसळू नये. परत गेलेल्या मालाची वजावट एका कागदावर, मजुरीची भरपाई दुसऱ्यावर. पहिल्यावर मालाचा जीएसटी उलटा फिरतो, दुसरी रक्कम मालाची किंमतच नव्हे.

आता देण्याचा आकडा मांडता येतो. तुटीचे 2, आवक तपासणीतले 18 आणि सीआरचे 12 मिळून 32 नग. 755 रुपये 20 पैशांच्या दराने 24,166 रुपये 40 पैसे. यातला जीएसटी 3,686 रुपये 40 पैसे. बिलाच्या 3,77,600 मधून हे वजा केले, की उरतात 3,53,433 रुपये 60 पैसे. पडताळून पाहायचं तर उलट बाजूने यावं: 500 मधून 32 गेले, 468 उरले, गुणिले 755.20. तोच आकडा यायला हवा आणि येतो. मजुरीची भरपाई ऑर्डरप्रमाणे मान्य असेल तर आणखी 2,160 वेगळ्या ओळीत वजा.

या पडताळणीत एक खोच आहे. 468 नगांत मशीनवर बिघडलेले 5 नगही आहेत. त्यांचे पैसे द्यायचे आहेत, कारण फाउंड्रीने ते चांगले दिले होते. म्हणून स्टोअरमधला आणि शॉप फ्लोअरवरचा चांगला माल मोजून देणं काढायला गेलं, तर 463 नग निघतात: मशीनिंग झालेले 283 आणि अजून हात न लागलेले 180. 463 आणि 468 यांच्यात पाचाचं अंतर असणंच बरोबर आहे. ते नसेल तर एमआर कुणीतरी चुकून पुरवठादाराच्या माथी मारले आहेत, असं ओळखावं.

डेबिट नोट काढली म्हणजे काम झालं, असं अनेक ठिकाणी मानलं जातं. जीएसटीच्या कायद्यात मात्र खरेदीदाराच्या डेबिट नोटने कराचा आकडा हलत नाही. पुरवठादाराच्या बिलावरचा कर कमी होतो तो त्याने स्वतः कलम 34 खाली काढलेल्या क्रेडिट नोटने. खरेदीदाराची डेबिट नोट ही मागणी आहे, क्रेडिट नोट हे तिचं उत्तर. ती फाउंड्रीने आपल्या रिटर्नमध्ये दाखवली, की खरेदीदाराला पोर्टलवर GSTR-2B मध्ये दिसते आणि त्याने घेतलेल्या कराच्या जमेतून तेवढी रक्कम कमी करावी लागते. दोन नग कमी आले होते, त्यांच्यावरच्या कराची जमा तर मुळातच मिळत नाही, कारण माल हातात आल्याशिवाय जमा घेता येत नाही.

या क्रेडिट नोटला मुदत आहे. बिल ज्या आर्थिक वर्षातलं, ते वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत किंवा त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरलं जाईल त्या दिवसापर्यंत, जे आधी येईल ते. मार्चच्या बिलाला म्हणजे जेमतेम आठ महिने मिळतात, तर मागच्या एप्रिलच्या बिलाला वीस. वर्षाच्या शेवटच्या महिन्यातल्या मालाच्या रिजेक्शन स्लिपा आधी हातात घ्याव्या, हे यामुळेच. मुदत गेली तर फाउंड्रीला मालाचे पैसे सोडता येतात, पण भरलेला कर कमी करता येत नाही आणि मग ती कराची रक्कम कुणी सोसायची यावर नवा वाद उभा राहतो.

साठ्याच्या नोंदीत संगणकामुळे एक विशेष गोंधळ होतो. महाराष्ट्रात लहान कारखान्यांत टॅली सर्रास वापरलं जातं. त्यात परत पाठवलेल्या मालासाठी `Rejections Out` नावाचं व्हाउचर आहे. ते फक्त साठा कमी करतं, पुरवठादाराच्या खात्याला हात लावत नाही. `Debit Note` व्हाउचर खात्याची रक्कम कमी करतं आणि त्यात मालाचं नाव व नग भरले तर साठाही कमी करतं. स्टोअरने 18 नगांचं पहिलं व्हाउचर केलं, अकाउंट्सने त्याच 18 नगांचं दुसरं केलं आणि दोघांना ट्रॅकिंग नंबरने जोडलं नाही, तर साठ्यातून 36 नग जातात. ओळखायचं कसं? संगणकावरचा साठा मोजणीपेक्षा कमी निघतो आणि फरक नेमका परत पाठवलेल्या नगांइतका असतो. उलट फरक निघाला, म्हणजे संगणकावर माल जास्त आणि जागेवर कमी, तर माल गेटबाहेर गेला पण नोंद झाली नाही असं समजावं.

गेटबाहेर जाणारा कागदही वाचावा लागतो. 18 नग 12 मार्चला परत गेले ते चलनावर. गेटपासवर 'रिटर्नेबल' आहे की 'नॉन-रिटर्नेबल', हा छोटा शब्द देण्याचं भवितव्य ठरवतो. फाउंड्री नग घासून, दुरुस्त करून परत देणार असेल तर तो माल तात्पुरता बाहेर गेला आहे. साठा 'पुरवठादाराकडे दुरुस्तीसाठी' या नावाखाली राहतो आणि डेबिट नोट निघत नाही. नग कायमचे गेले असतील तर साठाही जातो आणि देणंही घटतं. चलनावर फाउंड्रीच्या माणसाची सही आणि शिक्का असलेली पोच परत यायला हवी. ती नसली की दोन महिन्यांनी फोनवर ऐकायला मिळतं, ‘‘अठरा कुठले? आमच्याकडे सोळाच आले.’’

बदली मालाने हाच प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. पुढच्या ट्रकमधून फाउंड्री 18 नवे नग पाठवते. ते बिलाशिवाय, 'आधीच्या रिजेक्शनच्या बदल्यात' असं लिहून चलनावर आले असतील, तर मूळ बिलाची वजावट करायची नाही. केली तर फाउंड्रीने 18 नग फुकट दिल्यासारखं होतं. तेच 18 नग नव्या बिलावर आले असतील तर जुनी वजावट कायम ठेवून नव्या बिलाचे पैसे द्यायचे. या दोन्हींत चूक होऊ नये म्हणून येणाऱ्या प्रत्येक चलनावर जुन्या परत चलनाचा क्रमांक आहे का, हे स्टोअरने पाहायला हवं. स्टोअरमध्ये बदली म्हणून घेतलेला माल आणि अकाउंट्समध्ये डेबिट नोट, अशी दोन्ही कामं एकाच 18 नगांवर झाली, तर वर्षाच्या शेवटी फाउंड्रीची खातेउतारा-पडताळणी येईपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही.

स्लिपवरच्या तारखेलाही वजन आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना 2006 च्या एमएसएमईडी कायद्याने वेळेत पैसे मिळण्याचं संरक्षण दिलं आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात आणि कायदा सांगतो, की माल मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जाईल. म्हणून 5 मार्चची रिजेक्शन स्लिप कारखान्याच्या फायलीत लावून चालत नाही. 6 मार्चला ती ईमेलने फाउंड्रीकडे गेली, तरच ती लेखी हरकत. आणि चांगल्या 480 नगांच्या पैशांसाठी 45 दिवस 3 मार्चपासून मोजणंच सुरक्षित, म्हणजे 17 एप्रिल. ‘‘रिजेक्शनचा निकाल लागल्यावर सगळं बिल एकदम देऊ’’ असं म्हणत पूर्ण रक्कम अडवून ठेवणं महागात पडतं.

आयकराचा मुद्दाही इथेच येतो. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी त्या मुदतीत दिली नाहीत आणि ती 31 मार्चला थकलेली असली, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी धरावा लागतो. मागच्या मालाच्या डेबिट नोटा काढायच्या राहिल्या असतील, तर ताळेबंदात फाउंड्रीची थकबाकी आहे त्यापेक्षा मोठी दिसते. जी रक्कम द्यायचीच नव्हती, तीही थकलेली म्हणून मोजली जाते.

31 मार्चची मोजणी हा या सगळ्याचा कस लागण्याचा दिवस. 28 मार्चची स्लिप शॉप फ्लोअरच्या पॅडमध्येच राहिली, 12 नग जाळीत आहेत आणि डेबिट नोट निघालेली नाही, अशी स्थिती समजा आहे. मोजणी करणारा जाळीतले 12 नग पाहतो. ते साठ्यात धरायचे का? फाउंड्रीला माल नाकारल्याचं कळवलं असेल आणि डेबिट नोट निघाली असेल, तर ते नग फाउंड्रीचे, फक्त आपल्याकडे सांभाळायला आहेत. 1930 च्या माल विक्री कायद्याप्रमाणे हक्काने नाकारलेला माल खरेदीदाराने स्वतः पोहोचवायलाच हवा असंही नाही. तो नाकारत असल्याचं विक्रेत्याला कळवणं पुरेसं असतं. मग हे 12 नग मोजणीच्या यादीत वेगळ्या पानावर येतात, किंमत शून्य. कळवलेलं नसेल तर ते अजून आपलेच आहेत. मग साठ्यात दाखवावे लागतात आणि देणंही पूर्ण दाखवावं लागतं, मात्र निकामी मालाची किंमत पूर्ण 820 रुपये धरता येत नाही. सगळ्यांत घातक स्थिती मधली असते. साठ्यातून नग काढले आणि देणं तसंच ठेवलं, तर नफा उगीच घटतो. नग साठ्यात ठेवले आणि देणं कमी केलं, तर नफा उगीच फुगतो. लेखापरीक्षक म्हणूनच मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या रिजेक्शन स्लिपा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातल्या डेबिट नोटा शेजारी ठेवून वाचतो.

एप्रिल उजाडला, की फाउंड्रीचा खातेउतारा येतो. तिच्या खात्यात या बिलाची बाकी अजून 3,77,600 आहे, मशीन शॉपच्या खात्यात 3,53,433 रुपये 60 पैसे. फरक 24,166 रुपये 40 पैसे. तो एका ओळीत पाठवला तर फाउंड्रीचा हिशोबनीस मान हलवणार. तीन ओळींत फोडला तर त्याला पडताळता येतो: तुटीचे 2 नग, एलआरवरचा शेरा सोबत, तपासणीतले 18, परत चलन आणि पोच सोबत, सीआरचे 12, हीट कोडसह. पहिल्या दोन ओळी लगेच सुटतात. तिसऱ्या ओळीवर फाउंड्रीचा गुणवत्तेचा माणूस भोसरीला येतो, नग फोडून आतली पोकळी पाहतो, रंगाने खूण करतो आणि स्लिपच्या मागे सही करतो. कधी तो 12 पैकी 10 च मान्य करतो आणि उरलेल्या दोघांत दोष टूलचा आहे असं दाखवून देतो. तेव्हा डेबिट नोटच्या दोन नगांची रक्कम, 1,510 रुपये 40 पैसे, परत फाउंड्रीच्या खात्याला जमा करावी लागते आणि तेच दोन नग एमआरच्या यादीत जातात. साठा यात हलत नाही, ते नग आधीच बाहेर काढलेले असतात.

यानंतर उरतं ते पाठपुराव्याचं काम. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मागच्या वर्षाची सगळी परत चलनं क्रमाने लावून, प्रत्येकासमोर क्रेडिट नोटचा क्रमांक लिहायचा. ज्या ओळीत तो रकाना रिकामा आहे त्या सगळ्या चलनांची यादी फाउंड्रीला पाठवायची, कारण 30 नोव्हेंबर जवळ आलेला असतो आणि तिच्या हिशोबनिसालाही त्या आधी नोटा काढून रिटर्नमध्ये घालायच्या असतात.